शाळेची वाढीव तुकडी परवडेल का? एनपीव्हीने हिशेब कसा मांडायचा

संस्थेच्या बैठकीत इमारतीचा विषय निघाला की पहिला तासभर चौरस फुटाच्या दरावर जातो. ठेकेदार किती मागतोय, सळई स्वतः घेतली तर किती वाचतील, टाइल्स कुठल्या बसवायच्या. वर्ग कसे भरतील आणि पगार फीच्या पुढे पळतील का, या प्रश्नांना शेवटची दहा मिनिटं मिळतात. खाली एक पूर्ण उदाहरण सोडवलं आहे. ते पाहिलं की या वेळेची वाटणी उलटी का हवी ते आकड्यांतच दिसेल.

उदाहरणातली शाळा काल्पनिक आहे, पण तशा शाळा बऱ्याच आहेत. शिरूर-रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतीजवळचं तालुक्याचं गाव, विनाअनुदानित इंग्रजी माध्यम, पहिली ते दहावी प्रत्येकी एक तुकडी. संस्थेची स्वतःची जागा आहे. आता 'ब' तुकडी काढायची आहे आणि तिच्यासाठी दहा वर्गखोल्या बांधायच्या आहेत. सगळे आकडे लाखांत आहेत.

आधी ठरवा: नेमकं काय मोजायचं

निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. पुढे येणारे पैसे आजच्या किमतीत आणून मांडले, तर ते आज घातलेल्या पैशांपेक्षा जास्त भरतात की कमी? म्हणून हिशेबात फक्त या निर्णयामुळे बदलणारे पैसे घ्यायचे. मुख्याध्यापकांचा पगार तुकडी काढली काय, न काढली काय, द्यावाच लागणार आहे, म्हणून तो बाहेर. मैदान आधीपासून आहे, तेही बाहेर. नवा शिपाई, नवा लिपिक, वाढलेलं वीजबिल मात्र आत.

इथे एक चूक हमखास होते. समजा आजच्या पहिलीत ४६ मुलं दाटीने बसली आहेत आणि त्यातली सहा 'ब' तुकडीत हलवली. त्या सहा मुलांची फी संस्थेला आधीही मिळतच होती. ती 'ब' तुकडीच्या उत्पन्नात धरली, तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. नवीन उत्पन्न म्हणजे शाळेत नव्याने आलेलं मूल.

आणि न बांधता काही करता येतं का, हेही आधी विचारा. महाराष्ट्रात असंख्य शाळा सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरतात आणि त्याच खोल्या दोनदा वापरतात. आपल्या उदाहरणात संपूर्ण शाळा दोन सत्रांत करणं संस्थेला नको आहे, आणि त्याला कारण आहे. आजचे पालक पूर्ण दिवसाच्या शाळेसाठी फी भरतात. सत्र पद्धत आली म्हणून 'अ' तुकडीच्या दहा वर्गांतून प्रत्येकी तीन मुलं गेली, तरी वर्षाला दहा लाखांवर फी बुडते. पण सत्राचा पर्याय कायमचा बाद करू नका. शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

पहिली पायरी: मुलं वर्गावर्गाने चढवा

शाळेची पटवाढ कारखान्यासारखी नसते. कारखान्यात दुसऱ्या वर्षी साठ टक्के, तिसऱ्या वर्षी ऐंशी टक्के क्षमता, असं लिहून चालतं. शाळेत पहिल्या वर्षी फक्त पहिली 'ब' भरते, दुसऱ्या वर्षी पहिली आणि दुसरी. दहावी 'ब' उघडायला दहावं वर्ष उजाडतं. सातवी-आठवीत शाळा बदलायला पालक सहसा तयार नसतात, म्हणून मधले वर्ग बाहेरून भरण्याची आशा धरू नये. दहा खोल्या एकदम बांधल्या, तर पहिल्या वर्षी नऊ कुलूपबंद राहतात.

पहिलीत किती येतील, हे प्रतीक्षायादीवरून ठरवू नका. एकच पालक तीन शाळांचे अर्ज भरतो आणि तिन्ही याद्यांत त्याचं नाव असतं. त्यापेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांचं प्रवेशाचं रजिस्टर काढा. प्रतीक्षायादीतल्या किती पालकांना फोन केला आणि त्यातल्या किती जणांनी खरोखर पहिला हप्ता भरला? पंधरा जणांना बोलावलं आणि सहा आले असतील, तर प्रमाण चाळीस टक्के. यादीत ५० नावं असतील तर ती २० मुलं समजायची.

आपण पहिल्या वर्षी २०, दुसऱ्या वर्षी २४ आणि तिसऱ्यापासून दरवर्षी २८ फी भरणारी मुलं धरू. याशिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतली १०. गळती आणि मधेच येणारी मुलं सारखी आहेत असं मानलं आहे. तुमच्याकडे बदल्यांमुळे मुलं जात असतील, तर वर्ग चढताना ९५ किंवा ९७ टक्केच मुलं पुढे न्या.

एक्सेलमध्ये चौथ्या ओळीत वर्षं लिहा: B4 मध्ये ०, C4 मध्ये १, पुढे तसंच. दहाव्या ओळीत पहिलीची मुलं, अकराव्या ओळीत दुसरीची, असे वर्ग खाली खाली. टिकून राहण्याचं प्रमाण B2 मध्ये ठेवा. मग D11 मध्ये हे सूत्र लिहून उजवीकडे आणि खाली ओढलं, की मुलं तिरकी चढत जातात:

```
=C10*$B$2
```

तक्त्यात हा तिरका जिना दिसला नाही तर काहीतरी चुकलंय. आपल्या उदाहरणात फी भरणारी मुलं पहिल्या वर्षी २०, पाचव्या वर्षी १२८, दहाव्या वर्षी २६८ आणि बाराव्यापासून २८० होतात. पहिली तुकडी दहावी होऊन बाहेर पडली की पट वाढणं थांबतं. तिथून पुढे उत्पन्न फक्त फीवाढीनेच वाढतं.

दुसरी पायरी: फी पायऱ्यांनी वाढते, पगार दरवर्षी

नवशिक्यांच्या तक्त्यात फी दरवर्षी गुळगुळीत सात-आठ टक्क्यांनी वाढत असते. महाराष्ट्रात तसं होत नाही. फी विनियमनाच्या २०११ च्या कायद्यानुसार व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील असते. म्हणून फीची ओळ जिन्यासारखी मांडा. दोन वर्षं सपाट, मग एक उडी.

आज ३६,००० रुपये फी आणि दर दोन वर्षांनी १४ टक्के वाढ धरू. आठव्या ओळीत C8 मध्ये ३६००० लिहा आणि D8 पासून हे:

```
=C8*IF(ISODD(D$4),1.14,1)
```

यातली ९६ टक्केच हातात येईल असं धरू. सख्ख्या भावंडांची सवलत, अर्ध्या वर्षात शाळा सोडणारे आणि मार्चपर्यंत न भरणारे यांत चार टक्के सहज जातात. बसची फी यात घालू नका. बसला डिझेल, चालक आणि विमा हे खर्च असतात, तिचा हिशेब वेगळा.

खर्चाची बाजू वर्गाच्या मापाने लिहा, मुलाच्या मापाने नको. वर्गात वीस मुलं असोत की अडतीस, शिक्षक तेवढेच लागतात. पहिली ते पाचवीच्या एका तुकडीला सरासरी १.३ शिक्षक धरले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, आणि ३८ मुलांना १.३ शिक्षक त्यात बसतात. भविष्य निर्वाह निधीसकट एका शिक्षकाचा महिन्याचा खर्च २८,००० धरला, त्यात किरकोळ खर्च मिळवला, की एका तुकडीला वर्षाला ५ लाख होतात. सहावीपासून विषयशिक्षक येतात, प्रयोगशाळा येते, म्हणून ६.२ लाख. लिपिक, शिपाई, सफाई, देखभाल हे पहिल्या दिवसापासूनचे ५ लाख. हे सगळं दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढेल. शिवाय पहिली दहा वर्षं दरवर्षी एका खोलीचे बाक, फळा आणि पंखे यांचे २ लाख.

इमारतीचा घसारा या तक्त्यात कुठेही येत नाही. तो ताळेबंदातला आकडा आहे, त्याचा धनादेश कुणाला द्यावा लागत नाही. इमारतीचे पैसे एकदा शून्याव्या वर्षी लिहिले, तेवढं पुरे. कर्जाचं व्याजही या ओळींत लिहायचं नाही, कारण पैशाची किंमत सवलत दरातून, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणणाऱ्या दरातून, वजा होतेच. व्याज खर्चातही लिहिलं आणि सवलत दरही लावला, तर एकच शिक्षा दोनदा होते.

तिसरी पायरी: शिक्षण हक्काची प्रतिपूर्ती वेगळ्या ओळीत

प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागांची फी शासन परत देतं, पण शाळेच्या फीइतकी नाही. शासनाचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यातली कमी असेल ती रक्कम. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत १७,६७० रुपये हा आकडा वापरात आहे. ही प्रतिपूर्ती आठवीपर्यंतच असते, आणि ती वेळेवर येत नाही ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. नियमही हलतात. शासकीय किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या प्रवेशांतून वगळायचा बदल फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

म्हणून माझं मत असं, की पहिल्या हिशेबात ही रक्कम शून्य धरावी. त्या दहा मुलांचा खर्च मात्र तुकडीच्या खर्चात आहेच. प्रतिपूर्ती न धरता प्रकल्प तग धरत असेल, तर पैसे येतील ते वरचे. दोन वर्षं उशिरा येतील आणि वाढणार नाहीत असं मानलं, तर आपल्या उदाहरणात तिची आजची किंमत सुमारे ४४ लाख भरते. छोटी रक्कम नाही. पण तिच्या भरवशावर स्लॅब टाकायचा का, हे विश्वस्तांनी उघड्या डोळ्यांनी ठरवावं.

चौथी पायरी: बांधकामाचा आकडा

एक वर्गखोली ५०० चौरस फुटांची असली, तरी जिना, व्हरांडा, स्वच्छतागृहं आणि भिंती धरून खोलीमागे ८०० चौरस फूट बांधावे लागतात. दहा खोल्यांचे ८,००० चौरस फूट. दर २,००० रुपये धरला की १६० लाख. हा दर जीएसटीसकटचा हवा. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, म्हणून ठेकेदाराच्या बिलावर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट शाळेला मिळत नाही. तो कर पूर्णपणे खर्चच. ठेकेदार 'जीएसटी वेगळा' म्हणाला असेल आणि तुम्ही मूळ दरच तक्त्यात लिहिला असेल, तर १६० चे जवळजवळ १८९ होतात.

इमारत जूनपर्यंत तयार झाली नाही, तर उशीर महिन्याचा होत नाही, अख्ख्या वर्षाचा होतो. प्रवेश जूनमध्ये होतात, ऑगस्टमध्ये कोणी पहिलीत येत नाही. म्हणून ठेकेदाराच्या करारात शेवटची तारीख मार्चची ठेवावी.

पाचवी पायरी: सवलत दर आणि कालावधी

सवलत दर म्हणजे संस्थेच्या पैशाची वार्षिक किंमत. बऱ्याच विश्वस्तांना बँकेतल्या मुदत ठेवीचा दर योग्य वाटतो, कारण पैसे तिथूनच निघणार असतात. पण ठेव सुरक्षित असते आणि पहिलीचे प्रवेश नसतात. बांधकामासाठी बँक ज्या दराने कर्ज देईल, त्याच्या खाली सहसा जाऊ नये. आपण १२ टक्के घेऊ. कर्ज काढणार असाल, तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा मुद्दा वकिलाकडून आधीच तपासून घ्या.

आणखी एक शंका इथेच येते. संस्था नफ्यासाठी नाही, मग एनपीव्ही कशाला? सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टीएमए पै निकालात नफेखोरी अमान्य केली, पण संस्थेच्या विकासासाठी वाजवी शिल्लक राखायला मान्यता दिली. ती शिल्लक विश्वस्तांच्या खिशात जाऊ शकत नाही, शाळेतच राहते. ऋण एनपीव्ही म्हणजे 'ब' तुकडीचा भार 'अ' तुकडीचे पालक उचलणार, एवढाच त्याचा साधा अर्थ.

कालावधी १५ वर्षांचा घेऊ आणि तो आधीच लिहून ठेवू. उत्तर पाहून कालावधी लांबवायचा नाही.

सहावी पायरी: उत्तर काढा

| वर्ष | फी भरणारी मुलं | फी जमा | खर्च, बाकांसह | शिल्लक | आजची किंमत |
|---|---|---|---|---|---|
| ० | – | – | १६०.० | −१६०.० | −१६०.० |
| १ | २० | ६.९ | १२.० | −५.१ | −४.५ |
| ३ | ७२ | २८.४ | २४.९ | ३.५ | २.५ |
| ५ | १२८ | ५७.५ | ४१.३ | १६.२ | ९.२ |
| ८ | २१२ | १०८.५ | ८०.० | २८.५ | ११.५ |
| १० | २६८ | १५६.४ | ११४.१ | ४२.३ | १३.६ |
| १२ | २८० | १८६.३ | १२८.४ | ५७.९ | १४.९ |
| १५ | २८० | २४२.१ | १५७.३ | ८४.८ | १५.५ |

तक्त्यात निवडक वर्षं दिली आहेत, बेरजा सगळ्या वर्षांच्या आहेत. पंधरा वर्षांच्या शिलकीची साधी बेरीज ५२६ लाख होते. घातले १६०, आले ५२६, म्हणजे तिपटीहून जास्त. बैठकीत हाच आकडा फळ्यावर लिहिला जातो. पण त्याच रकमांची आजची किंमत फक्त १५१ लाख आहे, आणि एनपीव्ही −९ लाख. मोठ्या रकमा दहाव्या वर्षानंतर येतात आणि तोवर रुपयाची किंमत तिसऱ्या हिश्शावर आलेली असते.

बाराव्या ओळीपासून पुढे उरलेले वर्ग, मग जमा आणि खर्च मांडून शिल्लक तिसाव्या ओळीत आणली आणि सवलत दर B1 मध्ये ठेवला, तर सूत्र असं:

```
=NPV(B1,C30:Q30)+B30
```

एक्सेलचं हे सूत्र दिलेल्या पहिल्या रकमेलाही एक वर्ष मागे आणतं. म्हणून शून्याव्या वर्षाचा B30 कंसाबाहेर ठेवायचा. तो आत घातला, तर आज दिलेला धनादेशही वर्षभराने दिल्यासारखा धरला जातो. चिन्ह बदलत नाही, पण दोन आराखड्यांची तुलना करताना आकडे दिशाभूल करतात.

−९ म्हणजे नकारच, असं नाही. सवलत दर १० टक्के घेतला तर तोच प्रकल्प +२३ लाखांवर जातो, आणि सोळावं वर्ष धरलं तरी बारा लाखांची भर पडून उत्तर शून्याच्या वर निघतं. मात्र सोळावं वर्ष धरायचं, तर मधे एकदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि संपूर्ण रंगकामही धरायला हवं, जे आपण धरलेलं नाही. प्रकल्प काठावर आहे, एवढंच या उत्तरातून समजायचं.

सातवी पायरी: काय हललं की काय हलतं

आता एका वेळी एकच गृहीतक बदला आणि बाकी तसंच ठेवा.

ठेकेदाराने दर १० टक्क्यांनी वाढवला: एनपीव्ही −९ वरून −२५. सोळा लाखांचा फटका.

पहिलीत तिसऱ्या वर्षापासून २८ ऐवजी २४ च मुलं आली: −७४. वर्गात चार मुलं कमी आणि फटका ६५ लाखांचा. कारण खर्चात एक रुपयाही वाचत नाही, आणि त्या चार मुलांची उणीव पुढची दहा वर्षं वर्गावर्गाने वर सरकत राहते.

पालक-शिक्षक संघाने दर दोन वर्षांनी १४ ऐवजी १० च टक्के वाढ मान्य केली, पगार मात्र ७ टक्क्यांनीच वाढत राहिले: −८२. फटका ७३ लाखांचा.

बैठकीतला पहिला तास ज्या दरावर जातो, त्याचं वजन या तिघांत सगळ्यांत कमी आहे. फी आणि पगार यांच्या वाढीतला वर्षाला दोन टक्क्यांचा फरक बांधकामाच्या दहा टक्क्यांपेक्षा चौपटीने महाग पडतो. आपल्या शाळेत हा फरक किती आहे, हे ओळखायला मागच्या सहा वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब काढा. दरवर्षीच्या एकूण पगाराला फीच्या जमेने भागा. हे प्रमाण वर्षागणिक चढत असेल, तर पगार आधीच पुढे पळत आहेत, आणि तुमच्या तक्त्यातली फीवाढ ही नुसती इच्छा आहे.

आठवी पायरी: दोन टप्प्यांत बांधा

पहिल्या पाच वर्षांत पाचच खोल्या लागतात. म्हणून पाया आणि कॉलम दोन मजल्यांच्या ताकदीचे घ्यायचे, पण आज फक्त तळमजला बांधायचा. त्याचे ९५ लाख. वरचा मजला पाचव्या वर्षाच्या शेवटी. त्याचा आजचा दर ६५ लाख, पण ठेकेदार पुन्हा बोलावणं आणि सुट्टीतच काम उरकणं यामुळे ६८ धरू. दरवर्षी ६ टक्के भाववाढ धरली तर तेव्हा ९१ लाख द्यावे लागतील. त्या ९१ ची आजची किंमत ५२ लाख. बांधकामाचा एकूण भार १६० वरून १४७ वर येतो आणि एनपीव्ही −९ वरून +४ होतो.

टप्पे पाडले की एक गोष्ट जागेवर सांभाळावी लागते. गच्चीवर पुढच्या कॉलमच्या सळया उघड्या राहतात. पाच पावसाळ्यांत त्यांना गंज चढून पापुद्रे सुटायला लागतात, आणि मग वरचा मजला चढवताना स्ट्रक्चरल इंजिनिअर त्या कापून नव्याने सळया बसवायला सांगतो. त्यापेक्षा तळमजला संपतानाच त्यांना सिमेंटचा लेप देऊन वर हलक्या काँक्रीटचं आवरण करून घ्या. पुढे ते फोडून काढता येतं. मुलं गच्चीवर जाणार नाहीत यासाठी जिन्याला दारही लावा. आणि दोन्ही मजल्यांचा नकाशा पहिल्याच वेळी मंजूर करून घ्या.

पण टप्प्यांचा खरा उपयोग तेरा लाख वाचण्यात नाही. चौथ्या वर्षी तुमच्याकडे अंदाजाऐवजी चार वर्षांचे प्रत्यक्ष प्रवेश असतात, आणि वरच्या मजल्याचा निर्णय तेव्हा नव्याने घेता येतो.

तो हिशेब करताना तळमजल्याचे ९५ लाख विसरायचे. ते गेले, कुठल्याही निर्णयाने परत येत नाहीत. आता फक्त सहावी ते दहावी 'ब' चे पैसे एका बाजूला आणि ९१ लाख दुसऱ्या बाजूला. पहिलीत खरोखर २८ येत असतील, तर वरच्या वर्गांची पाचव्या वर्षाअखेरची किंमत ८८ लाख होते. मजला जवळपास स्वतःचे पैसे काढतो, आणि दहावीपर्यंतची सोय नसेल तर पालक पहिलीतच घालणार नाहीत, हे लक्षात घेऊन तो बांधावा. प्रवेश २४ वरच अडकले असतील, तर तीच किंमत ५१ लाख होते. मग मजला बांधणं म्हणजे ४० लाखांचा खड्डा.

अशा वेळी संस्था सहसा दोनच वाटा पाहतात: रेटून मजला बांधायचा, नाहीतर पाचवीनंतर तुकडी बंद करायची. सुरुवातीला बाजूला ठेवलेला सत्राचा पर्याय इथे काढा. पूर्ण शाळेसाठी नको, फक्त 'ब' तुकडीपुरता. तळमजल्याच्या त्याच पाच खोल्यांत सहावी ते दहावी सकाळी, पहिली ते पाचवी दुपारी. लहान मुलांना दुपारचंच सत्र द्यावं लागेल, कारण चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याची सूचना शासनाने २०२४ मध्येच दिली आहे. 'अ' तुकडी पूर्ण दिवसाचीच राहते. असं केलं तर ते ५१ लाख ९१ लाख न घालता हाती येतात. सत्रामुळे काही मुलं गेली, तरी जायला बरीच जागा आहे. ती किती, हे तक्त्यात टिकून राहण्याचं प्रमाण खाली आणत आणत एनपीव्ही शून्य होईपर्यंत पाहा, आणि तो आकडा घेऊन चौथीच्या पालकांची सभा बोलवा.